फिल्डवरच्या पोरांचा कमिशन रिपोर्ट: स्लॅब, नियम आणि मागचा हिशोब सापडेल अशी नोंद, सगळं क्रमाने

कमिशनवरून होणारी भांडणं बहुतेक वेळा दराची नसतातच. दर सगळ्यांना पाठ असतो. भांडण होतं ते कशावर कमिशन, कुठल्या महिन्याचं, आणि मागच्या महिन्याचा आकडा आज वेगळा का दिसतोय यावर. आणि दरवेळी एकच चूक असते, लोक थेट एक्सेल उघडून फॉर्म्युला मारायला बसतात, नियम मालकाच्या डोक्यात असतात आणि दुरुस्त्या व्हॉट्सअ‍ॅपवर.

खाली उदाहरण म्हणून इलेक्ट्रिकल मालाचा एक डिस्ट्रिब्युटर धरलाय, म्हणजे वायर, स्विच, एमसीबी वगैरे, पाच-सहा पोरं दुकानं फिरतात, ऑर्डर आणतात, उधारीची वसुलीही तीच करतात. बिलिंग टॅलीत, कमिशन एक्सेलमध्ये. तुमचा माल वेगळा असेल, क्रम हाच ठेवा.

टप्पा 1: एक्सेल उघडायच्या आधी नियमांचा कागद

एक पान पुरतं, पण ते लिहिलेलं पाहिजे, त्यावर लागू होण्याची तारीख पाहिजे आणि मालकाची व प्रत्येक रेपची, म्हणजे दुकानं फिरणाऱ्या प्रत्येक पोराची, सही पाहिजे. त्यात इतक्या प्रश्नांची उत्तरं हवीत:

- कमिशन जीएसटी धरून की सोडून? सोडूनच करा, म्हणजे टॅक्सेबल व्हॅल्यूवर. जीएसटी सरकारचा, त्यावर कमिशन कशाला द्यायचं.
- महिना कशावरून, ऑर्डरच्या तारखेवरून, बिलाच्या की डिलिव्हरीच्या? बिलाची तारीख सगळ्यात सोपी कारण ती टॅलीत आहे आणि तिच्यावर वाद घालता येत नाही.
- माल परत आला तर तो कुठल्या महिन्यातून वजा? ज्या महिन्याचं मूळ बिल त्याच महिन्यातून. कारण टप्पा 5 आणि 8 मध्ये कळेल.
- रेट डिफरन्सची किंवा स्कीमची क्रेडिट नोट वजा होणार का? माझं मत हो, दुकानदाराला कमी भावात माल गेला तर विक्री तेवढीच. पण लवकर पैसे दिले म्हणून दिलेला वटाव वजा करू नका, नाहीतर वसुली जोरात करणाऱ्या पोरालाच फटका बसतो.
- मालकाने स्वतः ठरवलेला सौदा, म्हणजे बिल्डरचा किंवा प्रोजेक्टचा माल, रेपच्या खात्यात धरायचा का?
- पैसे कधी मिळणार, बिल झाल्यावर की वसुली झाल्यावर?

आता स्लॅब. आपल्या उदाहरणात महिन्याच्या नेट विक्रीवर असे धरू: 4,00,000 पर्यंत 1%, 4,00,000 च्या वर 7,00,000 पर्यंत 1.5%, आणि 7,00,000 च्या वर 2%. इथे एक वाक्य लिहायचं राहतं आणि तिथेच सगळा घोळ होतो. वरचा दर फक्त वरच्या भागाला लागणार की पूर्ण रकमेला? कागदावर दोन्हीपैकी एक स्पष्ट लिहा आणि खाली एक सोडवलेलं उदाहरण द्या.

थांबा: "मॅनेजमेंटचा निर्णय अंतिम राहील" एवढं लिहून प्रश्न टाळू नका. ते वाक्य शेवटी असू दे, पण वरची उत्तरं त्याच्या आधी हवीत.

टप्पा 2: टॅलीतून डेटा काढणं

सेल्स रजिस्टर आणि क्रेडिट नोट रजिस्टर, दोन्ही महिन्याच्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत, बिलवार एक्सपोर्ट करा. कॉलम एवढेच हवेत: बिल नंबर, तारीख, पार्टी, टॅक्सेबल रक्कम, बिलाची एकूण रक्कम. क्रेडिट नोटला मूळ बिलाचा नंबर आणि मूळ बिलाची तारीख हे दोन कॉलम जास्तीचे. क्रेडिट नोट बनवताना मूळ बिल नंबर टाकायची सवय नसेल तर आधी ती लावा, नंतर शोधत बसणं फार जीवावर येतं.

हा एक्सपोर्ट वर्कबुकमध्ये एका वेगळ्या शीटवर जसाच्या तसा चिकटवायचा आणि त्या शीटला परत हात लावायचा नाही. नाव चुकलंय, रक्कम चुकलीय असं दिसलं तर टॅलीत दुरुस्त करून परत एक्सपोर्ट करा, शीटवर खोडाखोड नको, कारण एकदा तिथे हाताने आकडा बदलला की टॅली आणि कमिशन कायमचे वेगळे पडतात आणि का पडले हे कुणालाच सांगता येत नाही.

तपासा:
- शीटवरची टॅक्सेबल रकमेची बेरीज टॅलीच्या रजिस्टरच्या बेरजेशी पैशासकट जुळते का.
- बिलांची संख्या जुळते का, आणि एकही बिल नंबर दोनदा नाही ना. COUNTIF लावून 1 पेक्षा जास्त आलेले बघा.
- तारखा खऱ्या तारखा आहेत की टेक्स्ट. तारखेच्या कॉलमला नंबर फॉरमॅट द्या, 46000 सारखा आकडा दिसला तर ठीक, 05-03-2026 असंच राहिलं तर ते टेक्स्ट आहे आणि महिन्याचा फिल्टर ती बिलं गुपचूप गाळणार. आणि उलट प्रकारही होतो, 05-03 ची 3 मे होते, म्हणून 12 तारखेपर्यंतची चार-दोन बिलं डोळ्याने बघा.

टप्पा 3: कुठलं गिऱ्हाईक कुणाचं

इथे जवळपास सगळेजण एकच चूक करतात. पार्टी आणि रेप असे दोनच कॉलम ठेवून व्हीलूकअप. मग एप्रिलमध्ये कराडची लाइन एकाकडून काढून दुसऱ्याला दिली, टेबलमध्ये नाव बदललं, आणि मार्चची फाइल उघडली तर मार्चचं कमिशनही नव्या पोराच्या नावावर. जुन्याला दिलेले पैसे रिपोर्टमध्ये दिसतच नाहीत.

टेबलला चार कॉलम हवेत: पार्टी, रेप कोड, या तारखेपासून, या तारखेपर्यंत. बदल झाला की जुन्या ओळीत शेवटची तारीख टाका आणि खाली नवी ओळ लिहा. सध्या चालू असलेल्या ओळीत शेवटची तारीख 31-12-2099 ठेवा, रिकामी नको. कॉलमना याच क्रमाने Map_Party, Map_Rep, Map_From, Map_To अशी नावं देऊन ठेवली की बिलाच्या ओळीत हा फॉर्म्युला चालतो, B मध्ये तारीख आणि C मध्ये पार्टी धरून:

```
=XLOOKUP(1,(Map_Party=C2)*(Map_From<=B2)*(Map_To>=B2),Map_Rep,"CHECK")
```

हे एक्सेल 2021 किंवा 365 मध्ये चालतं. क्रेडिट नोटला B मध्ये मूळ बिलाची तारीख द्या, क्रेडिट नोटची नाही, म्हणजे ज्याने विकलं त्याच्याच खात्यातून वजा होईल.

तपासा: CHECK लिहिलेली एकही ओळ शिल्लक राहता कामा नये. आणि एकाच पार्टीच्या दोन ओळींच्या तारखा एकमेकींवर चढल्या नाहीत ना तेही बघा, कारण तसं झालं तर फॉर्म्युला पहिली सापडलेली ओळ उचलतो आणि काही बोलत नाही.

टप्पा 4: नेट विक्री

R-04 नावाच्या रेपचा मार्च घेऊ. बिलं टॅक्सेबल 8,10,000. मार्चच्याच बिलांवर मार्चमध्येच आलेल्या क्रेडिट नोट 35,000. मालकाने थेट दिलेला बिल्डरचा माल 25,000, जो नियमाप्रमाणे धरायचा नाही. नेट झाली 7,50,000.

तो 25,000 गाळताना बिलाची ओळ डिलीट करू नका. "धरायचं का" असा एक कॉलम ठेवा, त्यात नाही लिहा आणि शेजारी कारण. ओळ उडवली की टप्पा 2 मधली बेरीज जुळणार नाही, आणि पोरगं विचारायला आलं की ते बिल कुठे गेलं तर दाखवायला काही नाही.

टप्पा 5: स्लॅब लावणं

वरचा दर फक्त वरच्या भागाला, असं धरलं तर 7,50,000 चे तीन तुकडे. पहिल्या 4,00,000 वर 1% म्हणजे 4,000. पुढच्या 3,00,000 वर 1.5% म्हणजे 4,500. उरलेल्या 50,000 वर 2% म्हणजे 1,000. एकूण 9,500.

पूर्ण रकमेला वरचा दर लावला तर 7,50,000 चे 2%, म्हणजे 15,000. साडेपाच हजारांचा फरक, एका पोराचा, एका महिन्याचा. कागदावर ते एक वाक्य नसेल तर रेप मनात पंधरा हजार धरून बसलेला असतो आणि ऑफिसात येऊन विचारतो, "साहेब, माझे साडेपाच हजार कुठे गेले?" आणि त्याच्या जागी तो बरोबरच असतो.

पूर्ण रकमेची पद्धत ऐकायला सोपी आहे पण तिच्यात एक कडा तयार होते. 6,99,000 विक्रीवर 1.5% ने 10,485 मिळतात, 7,01,000 वर 2% ने 14,020. म्हणजे शेवटच्या दोन हजारांच्या मालावर साडेतीन हजार जास्त. कुठलंही शहाणं पोरगं 31 तारखेला ओळखीच्या दुकानात माल टाकून येईल, "चार दिवसांत परत घेतो" म्हणून. म्हणून मी भागावरची पद्धत धरतो, आणि परत आलेला माल मूळ महिन्यातून वजा करतो, दोन्ही मिळून हा खेळ बंद होतो.

फॉर्म्युल्यात IF मध्ये IF घालत बसू नका, चौथा स्लॅब आला की तो मोडतो. स्लॅबचं छोटं टेबल करा, त्यात सुरुवातीचा आकडा आणि आधीच्या स्लॅबपेक्षा दर कितीने वाढला ते लिहा: 0 ला 1%, 400000 ला 0.5%, 700000 ला 0.5%. या दोन कॉलमना Slab_From आणि Slab_Step अशी नावं द्या. मग F2 मध्ये नेट विक्री असेल तर:

```
=ROUND(SUMPRODUCT((F2>Slab_From)*(F2-Slab_From)*Slab_Step),0)
```

आपल्या आकड्यांवर 7,500 + 1,750 + 250, परत 9,500. रुपयात पूर्णांक इथे एकदाच करायचा, बिलागणिक राउंड केलं तर महिन्याअखेर पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतात आणि ते शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

तपासा: 4,00,000, 4,00,001, 7,00,000 आणि 0 हे चार आकडे F2 मध्ये टाकून बघा. 4,000, परत 4,000, 8,500 आणि 0 यायला हवं. 7,00,000 ला जास्त आलं तर तुमच्या टेबलमध्ये वाढीऐवजी पूर्ण दर लिहिला गेलाय.

आणि जीएसटीचं परत एकदा, कारण ही चूक दिसत नाही. 18% जीएसटी धरून तीच विक्री 8,85,000 होते आणि कमिशन 12,200. आकडा अगदी खरा वाटतो, म्हणूनच महिनोन्महिने तसाच जातो.

टप्पा 6: वसुलीशी जोडणं

उधारीच्या धंद्यात बिल झालं की लगेच पूर्ण कमिशन देणं म्हणजे वसुलीची काळजी एकट्या मालकाने करायची. पण स्लॅबच वसुलीवर लावला तर रेपला स्वतःचा महिना कसा गेला ते कळत नाही, तीन महिन्यांची जुनी वसुली एकदम आली की तो फुकटात वरच्या स्लॅबमध्ये. मधला मार्ग असा, कमिशन किती ते बिलावर ठरवायचं, हातात द्यायचं वसुलीवर.

R-04 चं सरासरी कमिशन 9,500 भागिले 7,50,000. रिपोर्टच्या दिवशी 7,50,000 पैकी 6,00,000 ची बिलं वसूल झालीत, तर 7,600 आता द्यायचे आणि 1,900 होल्डवर. उरलेल्या दीड लाखाचे पैसे जसजसे येतील तसतसे तेवढ्या प्रमाणात सुटतील. किती दिवसांत आले तरच, म्हणजे 60 की 90, ते टप्पा 1 च्या कागदात लिहा.

दोन बारीक गोष्टी. अर्धवट पैसे आले तर सरसकट 1.18 ने भागू नका, सगळ्या मालाला एकच जीएसटी दर असेल असं नाही, म्हणून आलेले पैसे भागिले बिलाची एकूण रक्कम, गुणिले त्या बिलाची टॅक्सेबल. आणि चेक हातात आला ती वसुली नाही, बँकेत पास झाला ती तारीख धरा, नाहीतर बाउन्स झालेल्या चेकचं कमिशन परत मागायची पाळी येते. बिलावर वटाव किंवा दहा-वीस रुपये कमी येऊन खातं बंद झालं असेल तर ते पूर्ण वसूल धरायचं, एवढ्यासाठी पोराचं होल्ड अडकवून ठेवू नये.

टप्पा 7: स्टेटमेंट द्या, हरकत घ्या, मग महिना बंद करा

रेपला एक आकडा पाठवू नका. त्याला बिलवार यादी हवी: बिल नंबर, तारीख, दुकान, टॅक्सेबल, धरलं की नाही आणि नसेल तर का, वसूल किती, खाली स्लॅबचे तीन तुकडे, दिलेलं आणि होल्ड. पीडीएफ करून ज्याचं त्याला, सगळ्यांचं एका ग्रुपवर नको. हरकतीला तीन कामाचे दिवस द्या, आणि हरकत बिल नंबर सांगूनच घ्यायची. "काहीतरी कमी वाटतंय" यावर काही करता येत नाही, "4 तारखेचं वडूजचं बिल दिसत नाही" यावर पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

हरकती निपटल्या की फाइल 2026-03 अशी सुरुवात असलेल्या नावाने सेव्ह करा, एक कॉपी फॉर्म्युल्यासकट, एक पीडीएफ, दोन्ही अशा फोल्डरमध्ये जिथे रिपोर्ट बनवणाऱ्याला लिहायचा हक्क नाही. त्या महिन्यातल्या नियमांच्या कागदाची आणि स्लॅब टेबलची प्रतही त्यातच. दर बदलले तर जुन्या टेबलवर नवे आकडे लिहायचे नाहीत, नवं टेबल, नवी तारीख.

थांबा: एक्सेलचा शीट पासवर्ड म्हणजे सुरक्षा नव्हे. चुकून हात लागू नये एवढ्यापुरता तो ठीक आहे.

टप्पा 8: बंद महिन्यातली दुरुस्ती आणि तिची नोंद

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात R-04 च्या मार्चच्या बिलातला 60,000 चा माल परत आला. त्याचे पैसे मार्चच्या रिपोर्टमध्ये वसूल धरलेले होते. आता काय?

मार्चची फाइल उघडून बदलायची नाही. वेगळी कॉपी काढून मार्च परत मोजायचा: नेट 6,90,000, कमिशन 4,000 + 4,350 म्हणजे 8,350. आधी ठरलेलं 9,500. फरक 1,150, तो एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये "मार्च समायोजन" अशी वेगळी ओळ म्हणून वजा होतो. सरासरी दराने काढलं असतं तर फक्त 760 आले असते, पण परत गेलेला माल वरच्या स्लॅबमधला होता, म्हणून महिना पूर्ण परत मोजावा लागतो. आणि एप्रिलच्या विक्रीतून तो 60,000 परत एकदा वजा होत नाही ना हे बघा, क्रेडिट नोटची तारीख एप्रिलची असल्यामुळे ही दुहेरी वजावट अगदी सहज होते.

हे सगळं एका नोंदवहीत जातं. एक शीट, दर दुरुस्तीला एक ओळ, खाली भर घालायची, वरचं कधीच बदलायचं नाही. कॉलम असे: अनुक्रमांक, नोंदीची तारीख, कुठल्या महिन्याचं, रेप कोड, बिल किंवा क्रेडिट नोट नंबर, आधीचा आकडा, नवा आकडा, कारण, कुणी सांगितलं, कुणी मंजूर केलं, पुरावा कुठे ठेवलाय. मंजूर करणारा आणि नोंद करणारा एकच माणूस नको. वरच्या प्रकरणाची ओळ वाचल्यावर कुणालाही कळलं पाहिजे की 9,500 चे 8,350 का झाले. कारणाच्या कॉलममध्ये "करेक्शन" लिहून चालत नाही, "क्रेडिट नोट, 60,000 चा माल परत, मूळ बिल मार्चचं" असं लिहा. नोंद चुकली तर तीही खोडायची नाही, खाली उलटी ओळ घालायची, जशी अकाउंटवाले रिव्हर्सल एंट्री करतात.

काही जण म्हणतात की टॅलीत एडिट लॉग आहे, वेगळी वही कशाला. कंपन्यांसाठी 1 एप्रिल 2023 पासून एडिट लॉग असलेलं अकाउंटिंग सॉफ्टवेअर बंधनकारक आहे हे खरं, पण तो लॉग व्हाउचरमध्ये काय बदललं ते सांगतो, तुमच्या एक्सेलमधल्या कमिशनचं त्याला काही माहीत नसतं. गूगल शीट्सच्या व्हर्जन हिस्टरीत कोणी कधी बदललं ते दिसतं, एक्सेल 365 मध्ये ऑनलाइन ठेवलेल्या फाइलचे बदल 60 दिवसांपर्यंतच दिसतात. दोन्ही सुरू ठेवा, पण का बदललं आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे तिथे नसतं.

तपासा: महिन्यातून एकदा नोंदवहीतली कुठलीही एक ओळ उचला आणि रिपोर्ट न बनवणाऱ्या माणसाला फक्त फोल्डर देऊन तो आकडा परत काढायला सांगा. त्याला तुम्हाला फोन करावा लागला तर नोंद अपुरी आहे.

टप्पा 9: पगाराकडे पाठवणं, आणि सोडून गेलेला रेप

पगार करणाऱ्याकडे रेपमागे एकच ओळ जाते: या महिन्याचं सुटलेलं, मागच्या होल्डमधलं सुटलेलं, समायोजन, एकूण. पगारावरच्या पोराचं कमिशन पगारातच धरून टीडीएस कापला जातो, बाहेरच्या कमिशन एजंटचा वेगळ्या तरतुदीने, त्यामुळे दोघांना एका यादीत घालून सीएकडे पाठवू नका.

रेप सोडून गेला की होल्डचं काय, हे कुणी लिहून ठेवत नाही. सोडायच्या दिवशी होल्डमधल्या बिलांची यादी काढून त्याची सही घ्या, मुदतीत वसूल झालेल्या बिलांचे पैसे त्याच्या खात्यात टाका, आणि परत आलेल्या मालाची वजावट फक्त त्या होल्डमधूनच करा, त्याच्या घरी वसुलीला जाऊ नका. ती बिलं आता नवा रेप वसूल करणार, त्याला वसुलीचं वेगळं काही द्यायचं असेल तर द्या, पण ते कमिशन नव्हे आणि ते R-04 च्या होल्डमधून कापायचं नाही.